सोकोबान: खोकं अडकण्याआधी

तुम्ही विचारलंत म्हणून: "लेव्हल सुटत आली असं वाटतं आणि मग कळतं की खोकं कधीचंच अडकलंय. हे आधी कसं ओळखायचं?"

मीही बरीच वर्षं फक्त कोपरे टाळत होतो. कोपऱ्यात गेलेलं खोकं संपलं हे कुणालाही दिसतं, कारण या गेममध्ये ढकलता येतं, ओढता येत नाही. (१९८२ मध्ये जपानमध्ये आलेला गेम, नावाचा अर्थ गोदामाचा रखवालदार, आणि या रखवालदाराला ओढायचं कसं ते कुणी शिकवलंच नाही!) पण खरा घात भिंतीलगतच्या घरांत होतो. हे बघा:

```
#######
#     #
# $  .#
# $.@ #
#     #
#######
```

`#` भिंत, `$` खोकं, `.` गोल, म्हणजे खोकं जिथे पोचवायचं ते घर, `@` आपण. मोकळी घरं २०, त्यातली खोक्यासाठी जिवंत किती? फक्त ८, मधल्या दोन ओळींतली, डावी भिंत सोडून. उरलेली १२ मेलेली, म्हणजे तिथे खोकं गेलं की कुठल्याच गोलवर पोचणार नाही.

हे शोधायला मी उलटं खेळतो. गोलवर खोकं आहे असं धरायचं आणि तिथून ओढत न्यायचं, जिथे जिथे नेता येईल ती घरं जिवंत. ओढायच्या दिशेला दोन घरं मोकळी लागतात, एक खोक्याला आणि एक आपल्याला. उजव्या गोलवरून वर ओढायला गेलात तर एकच घर आहे, पुढे भिंत, म्हणून वरची अख्खी ओळ बाद. खालची ओळ आणि डावी भिंतही याच कारणाने गेली.

आता गंमत अशी की जिवंत घरही मरतं. उजव्या गोलच्या बरोबर खालचं घर घ्या, एकटं खोकं तिथे असेल तर खालून वर ढकललं की काम झालं. पण वरचं खोकं आधीच गोलवर बसलेलं असेल आणि दुसरं तुम्ही चुकून त्याच्याखाली भिंतीला नेऊन लावलंत, तर आडवं भिंत हलू देत नाही आणि उभं ती दोघं एकमेकांना हलू देत नाहीत, झालं, दोन्ही गोठली. दोन्ही गोलवर असती तर काही बिघडलं नसतं, पण इथे एक बाहेर राहिलं.

म्हणून भिंतीला खोकं लावायच्या आधी मी शेजारच्या घरात खोकं आहे का ते बघतो, आणि मोकळ्यावर २ बाय २ चा चौकोन भरतोय का तेही, कारण चार खोकी किंवा खोकी-भिंत मिळून तसा चौकोन झाला तर त्यातलं काहीच हलत नाही. गोल बोळात एकामागे एक असतील तर सगळ्यात आतला आधी भरायचा, हे तर आलंच.

आणि अडकलात तर शेवटची चाल नाही, जिथे खोकं मेलेल्या घरात गेलं ती चाल शोधा, ती बऱ्याचदा पन्नास पावलं मागे असते.