सरासरी ४.५५

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सीजीपीए, म्हणजे आजवरच्या सगळ्या सत्रांची दहापैकी सरासरी, ५.०० च्या खाली राहिला तर विद्यार्थ्याचं नाव पटावरून कमी करायचं, असा आमच्या कॉलेजचा नियम आहे. कॉलेज सोलापुरातलं, स्वायत्त इंजिनिअरिंग कॉलेज, म्हणजे हे नियम आमचेच. आदेश हातात पडल्यापासून दहा दिवसांत अपील करता येतं. अपील समितीत अधिष्ठाता, परीक्षा नियंत्रक, विभागप्रमुख आणि दुसऱ्या विभागातले एक ज्येष्ठ प्राध्यापक असतात. मी त्या वर्गाची गार्डियन फॅकल्टी, त्यामुळे आमच्या वर्गातल्या अपिलाला माझा अहवाल जोडावा लागतो.

मेकॅनिकलचा तो मुलगा अशोक चौकाच्या बाजूचा. घरी तेलुगू, बाहेर मराठी. वडील पॉवरलूमवर टॉवेल विणणारे, आई घरी विड्या वळते. जूनमध्ये आदेश घेऊन तो माझ्या केबिनला आला तेव्हा अर्ज लिहूनच आणला होता. "घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची असल्यामुळे अभ्यासाकडे दुर्लक्ष झाले, तरी कृपया एक संधी द्यावी." खाली सही.

मी त्याला म्हटलं, "हा अर्ज कुणाचाही असू शकतो. तुझा कुठे आहे?"

समितीसमोर असे अर्ज दरवर्षी येतात आणि बहुतेक फेटाळले जातात. समितीतली माणसं कठोर आहेत म्हणून हे होतं, असं मला वाटत नाही. परिस्थिती वाईट होती एवढंच कळून समितीला काही ठरवता येत नाही. ती नेमकी केव्हा वाईट झाली, गुण त्याच वेळी घसरले का, ते कारण आता उरलंय का, आणि उरलं नसेल तर त्यानंतर गुण सुधारले का, हे तारखांनिशी दिसावं लागतं. त्याच दिवशी दुसऱ्या एका मुलाचं अपील होतं. त्याच्या घरात आजारपण खरंच झालं होतं, पण ते पहिल्या वर्षात, आणि गुण चारही सत्रांत सारखेच कमी. ते अपील टिकलं नाही.

आमच्या मुलाचे आकडे असे होते. प्रत्येक सत्र वीस क्रेडिटचं. पहिल्या सत्रात ५.९, दुसऱ्यात ५.६, तिसऱ्यात १.८, चौथ्यात ४.९. सत्रं सारख्या वजनाची असल्यामुळे सरळ सरासरी काढली तरी चालते: ४.५५. हुशार विद्यार्थ्याचे हे गुण नव्हेत, पण तिसरं सत्र सोडलं तर हा काठावर का होईना, पास होणारा मुलगा होता. म्हणून तिसऱ्या सत्रात काय झालं, हाच खरा प्रश्न.

ऑगस्टमध्ये वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. सिव्हिलमध्ये दाखल केलं, नंतर घरी. उजवा हात गेला. लूम सोडली तर जागा दुसऱ्याला जाणार, म्हणून वडिलांच्या मागावर हा रात्रपाळीला उभा राहू लागला. सकाळी घरी येऊन अंघोळ करून कॉलेज. मी हजेरीचा उतारा काढला तेव्हा त्यात हे स्वच्छ दिसत होतं. पहिल्या दोन तासांना जवळजवळ रोज गैरहजर, अकरानंतरच्या तासांना आणि वर्कशॉपला हजर. उनाडक्या करणाऱ्या मुलाची हजेरी अशी दिसत नाही. त्याच्या गैरहजेरीला अशी रोजची ठरलेली वेळ नसते.

पण हजेरी म्हणजे कामाचा पुरावा नव्हे. डिस्चार्ज कार्डवरून वडील आजारी होते एवढं कळत होतं, मुलगा कामावर होता हे कुठून कळणार? कारखान्याच्या मस्टरवर त्याचं नावच नव्हतं. मालक कागद द्यायला तयार होईनात, आणि त्यांची भीतीही मला कळत होती. एकाच्या नावावर दुसरा काम करत होता, हे लिहून कोण देईल?

शेवटी त्याची आई मालकांकडे गेली, मग मीही गेले. आठ-दहा लूमचा कारखाना. खटखटाट इतका की बोलायला बाहेर ओट्यावर यावं लागलं. मालकांनी पत्र दिलं नाही, पण पगाराची वही समोर ठेवली. "मॅडम, बघा तुम्हीच," एवढंच म्हणाले. दर आठवड्याच्या पगारापुढे सही. जुलैअखेरपर्यंत वडिलांच्या नावापुढे तेलुगूत सही, मोठी, थोडी तिरकी. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापासून नाव तेच, पण सही मराठीत. आमच्या परीक्षा अर्जावर जी सही, तीच. मार्चमध्ये होळीपर्यंत ती सही चालली आणि मग थांबली.

मालकांच्या परवानगीने त्या पानांचे फोटो घेतले, कारखान्याचं नाव झाकून. सोबत सिव्हिलचं डिस्चार्ज कार्ड ठेवलं. एका कागदावर माणूस अंथरुणाला खिळलेला, दुसऱ्यावर त्याच तारखांना त्याच्याच नावाने पगार. दोन्हींपैकी एकच असता तर काही सिद्ध झालं नसतं. शेजारी शेजारी ठेवल्यावर वेगळं पत्र मागायची गरज राहिली नाही.

होळीला सही का थांबली, तर मोठ्या बहिणीला युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात काम मिळालं आणि घराचं चाक फिरायला लागलं. माग दुसऱ्याला देऊन टाकला. हे अपिलात लिहिणं फार महत्त्वाचं होतं, कारण कारण संपलेलं नसेल तर संधी देऊनही पुढच्या सत्रात तेच होणार. बहिणीची पगाराची पावती जोडली.

आता सुधारणा. चौथ्या सत्राचे ४.९ पाहून परीक्षा नियंत्रक म्हणतील, "यात कसली सुधारणा? पाचच्या खालीच आहे." म्हणून मी सत्र मधोमध फोडलं. पहिली अंतर्गत चाचणी फेब्रुवारीत, दुसरी एप्रिलमध्ये, प्रत्येकी वीस गुणांची. पाच विषयांत फेब्रुवारीचे गुण ६, ५, ८, ४, ७. एप्रिलचे १३, १२, १५, ९, १४. मधे होळी. ४.९ मध्ये हे दोन्ही महिने मिसळले होते, म्हणून वर काहीच दिसत नव्हतं. एका विषयात तो नापासही झाला, तेही आम्ही लपवलं नाही.

समितीपुढे तो नीट बोलला. अधिष्ठात्यांनी विचारलं, "आजारपणासाठी सत्र स्थगित करायची तरतूद आहे. का नाही घेतली?" तो म्हणाला, "सर, असं असतं हेच माहीत नव्हतं. आणि कॉलेज सोडलं तर परत यायला मिळेल असं घरी कुणाला वाटलं नसतं." विभागप्रमुखांनी पुढे काही विचारलं नाही.

समितीचा कल बरा दिसत होता. "ठीक आहे, एक सत्र देऊ. पाचव्या सत्राच्या शेवटी सीजीपीए पाचवर आण, नाहीतर संपलं." ऐकायला उदार वाटतं. पण मी आधी गणित करून ठेवलं होतं. ऐंशी क्रेडिट गुणिले ४.५५, म्हणजे त्याचे श्रेणीगुण ३६४. पाचव्या सत्रानंतर क्रेडिट शंभर, म्हणजे पाचची सरासरी यायला ५०० हवेत. उरले १३६, तेही वीस क्रेडिटमध्ये. म्हणजे एका सत्रात ६.८. ज्याने आजवर ५.९ च्या वर कधी मजल मारली नाही, त्याला ही संधी देणं म्हणजे फेटाळणी सहा महिने पुढे ढकलणं.

वाट बॅकलॉगमध्ये होती. तिसऱ्या सत्रात चार विषय गेलेले, त्यातले गणित-३ आणि थर्मोडायनॅमिक्स हे चार-चार क्रेडिटचे. नापासाचे श्रेणीगुण शून्य, पण क्रेडिट भाजकात धरलेले असतात. ते विषय सुटले की शून्याच्या जागी पाच येतात: चार क्रेडिटला वीस गुण. तेवढेच वीस गुण चालू सत्रातून मिळवायचे तर सगळ्या विषयांत एकेक श्रेणी वर जावं लागेल. दोन बॅकलॉग साध्या पाचने सुटले तरी चाळीस गुण जमा होतात, आणि मग नव्या सत्रात लागतात फक्त ४.८. चौथ्या सत्रात, अर्धा काळ रात्रपाळी करून, त्याला ४.९ मिळाले होते.

हे दोन विषय त्याने मेमध्येच द्यायला हवे होते, पण दिले नव्हते, कारण फेरपरीक्षेची फी विषयागणिक भरावी लागते. अशी मुलं आधी चालू सत्राची फी भरतात आणि बॅकलॉग मागे ठेवतात. सरासरी तिथेच अडकते. फी वाचवण्यासाठी जे मागे ठेवलं, त्यानेच नाव कापलं जातं, आणि हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मला या गोष्टीचा फार राग येतो.

परीक्षा नियंत्रकांची हरकत रास्त होती. "वीस क्रेडिट झेपत नाहीत, त्यात आणखी आठ कसे पेलणार?" त्यावर अधिष्ठात्यांनीच तोडगा काढला. पाचव्या सत्रातला तीन क्रेडिटचा एक ऐच्छिक विषय पुढच्या वर्षी घ्यायचा. क्रेडिट सतरा झाले, लागणारी सरासरी ४.७६, म्हणजे जवळजवळ तीच, पण एक पेपर आणि एक सबमिशन कमी. आदेशात अटी स्पष्ट लिहिल्या: दोन्ही बॅकलॉगचे अर्ज भरणं, ७५ टक्के हजेरी, आणि महिन्यातून एकदा माझ्याकडे अहवाल. दोन विषयांची फी विद्यार्थी साहाय्य निधीतून.

ऑक्टोबरात गणित-३ वरून माझी झोप उडाली होती, कारण सराव चाचणीत तो पुन्हा लॅप्लास ट्रान्सफॉर्मपाशी अडकला. गणिताच्या सरांनी त्याला संध्याकाळी बसवून घेतलं, मागच्या पाच वर्षांचे पेपर सोडवून घेतले.

निकाल जानेवारीत लागला, गड्ड्याची यात्रा चालू असताना. गणित-३ मध्ये पाच, थर्मोडायनॅमिक्समध्ये सहा, म्हणजे बॅकलॉगचे ४४. पाचव्या सत्राचे सतरा क्रेडिटला ९०. एकूण ४९८, क्रेडिट ९७. सीजीपीए ५.१३. आदेश मागे घेतल्याचं पत्र परीक्षा विभागातून मीच आणून त्याच्या हातात दिलं. मटेरियल सायन्स, फ्लुइड मेकॅनिक्स आणि चौथ्या सत्रातला एक, असे तीन विषय अजून बाकी आहेत. त्यांचे फेरपरीक्षेचे अर्ज त्याने त्याच दिवशी भरले, फी स्वतःची.