पंधरा सेटअप, दोन जागा, पाच माणसं: एका दिवसाच्या शॉर्ट फिल्मचं वेळापत्रक

अंबाजोगाईजवळच्या एका गावात, फेब्रुवारीच्या मध्यावर आम्ही सहा पानांची फिल्म एका दिवसात चित्रित केली. हाताशी पाच जण होतो: दिग्दर्शन, कॅमेरा, आवाज, क्लॅप आणि नोंदी, आणि सामान-जेवण-मोटारसायकल सांभाळणारा एक. कलाकार तिघं: सत्तरीची आजी, दहा वर्षांचं लेकरू आणि पोस्टमन. एवढ्या माणसांत दिवस कसा बसवला, ते हिशोबासकट सांगतो.

पहिला आराखडा पानांवर केला होता, आणि तो चुकला. अर्ध्या पानाच्या प्रसंगाला चार वेळा कॅमेरा हलवावा लागतो, तर दीड पानाचा संवाद दोन जागांवरून उरकतो. म्हणून एकतीस शॉट लिहून काढले आणि ते सेटअपमध्ये बांधले. कॅमेरा त्याच जागी, उजेड त्याच बाजूचा, फक्त लेन्स किंवा माणूस बदलतोय, तर तो एकच सेटअप. असे सतरा झाले. मग तालमीच्या दिवशी घड्याळ लावून दोन सेटअप प्रत्यक्ष केले. मांडणी, एक तालीम, तीन टेक आणि नोंद मिळून पंचवीस मिनिटं लागली. हा आकडा अंदाजाने धरू नका, आपल्याच माणसांवर मोजा. पाच जणांत ट्रायपॉड हलवणारा आणि रिफ्लेक्टर धरणारा एकच असतो, त्यामुळे दोन कामं कधीच एका वेळी होत नाहीत.

आता बेरीज. सतरा सेटअपची ४२५ मिनिटं, जागा बदलण्याच्या दोन खेपांची ९०, जेवण ४५, सकाळची पहिली मांडणी ३०. एकूण ५९०. त्यावर वीस टक्के राखीव धरल्यावर दिवस जवळजवळ बारा तासांचा झाला. सूर्य पावणेसातनंतर उगवतो, साधारण सव्वासहा-साडेसहाला मावळतो आणि बारा ते तीन उघड्यावर चेहऱ्याच्या डोळ्यांखाली काळी सावली पडते. म्हणजे हे बसत नव्हतं.

काय कापायचं याचं उत्तर खेपेत सापडलं. एसटी स्टँडवरचा प्रसंग तीन सेटअपचा होता, पण त्यासाठी स्वतंत्र खेप लागत होती. शिवाय तिथली गर्दी आणि स्पीकर आपल्या हातात नसतात. तो प्रसंग काढून उंबरठ्यावर आणला: आजी आतून बाहेर बघते आणि लांबून एसटीचा हॉर्न ऐकू येतो. एका सेटअपमध्ये काम झालं. सेटअप पंधरा, खेप एक, राखीव धरून एकूण ५९४ मिनिटं, म्हणजे दहा तासांच्या आत. कथेचं नुकसान झालं नाही, उलट ती घट्ट झाली असं माझं मत आहे.

जागांचा क्रम कथेने नाही, उजेडाने ठरला. घर माळवदी, ओसरी पूर्वेला. आदल्या आठवड्यात तिथे बसून तासातासाला मोबाइलवर फोटो काढले होते. साडेनऊपर्यंत ओसरीवर कोवळं ऊन, नंतर ते अंगणात उतरतं. म्हणून सात ते साडेनऊ ओसरीचे पाचही सेटअप. त्यात आधी लेकराचे, कारण दहानंतर ते कंटाळतं आणि चार टेकनंतर डोळे कॅमेऱ्याकडे जातात. साडेनऊ ते दहा उंबरठा. दहा ते अकरा आतल्या खोलीतले दोन सेटअप. अकरा ते बारा वेळापत्रकात मुद्दाम मोकळा ठेवला. सकाळचा उशीर इथे जिरतो.

बारा ते एक ही वेळ मात्र हलवता येत नव्हती. माळवदाच्या झरोक्यातून ऊन आत येतं आणि फरशीवर हातभर रुंद कवडसा पडतो. आजी त्या कवडशात पत्र धरते, हाच फिल्मचा मुख्य क्षण. पण कवडसा थांबत नाही, तासाभरात चांगला दोन हात सरकतो. क्लोजअप आधी आणि वाइड नंतर घेतला असता, तर एकाच वाक्यात पत्र उन्हात आणि पत्र सावलीत असा जोड आला असता. म्हणून क्लॅपवाल्याने खडूने फरशीवर कवडशाची कड आखली. वाइड घेतल्यावर लगेच क्लोजअप घेतला, आणि दोहोंत कड खडूच्या रेषेपासून चार बोटांपेक्षा जास्त सरकू दिली नाही. बैठक त्या मापाने सरकवावी लागली, तेवढं प्रेक्षकाला दिसत नाही.

एक ते साडेतीन जेवण, बॅटऱ्या चार्ज, कार्डाची प्रत आणि वावरापर्यंतची खेप. साडेतीन ते सहा विहिरीवरचे पाच सेटअप, त्यात शेवटचा मावळतीचा.

विहिरीवर अडचण आवाजाची होती. शेजारच्या वावरातली मोटार ऑटोवर होती, म्हणजे थ्री-फेज वीज आली की ती आपोआप सुरू होते. पाहणीला आम्ही वीज नसताना गेलो होतो, त्यामुळे जागा निवांत वाटली. शूटिंगच्या आठवड्यात पाळी दिवसाची होती, हे वावराच्या मालकाने सांगितलं: ‘‘बगा, चारला लाइट येती अन् मोटर आपसूक चालू व्हती.’’ त्यांना विनंती करून साडेतीन ते सहा ऑटो बंद ठेवून घेतला. तुमच्या जागेची पाहणी नेमक्या त्याच वारी, त्याच तासाला करा, आणि वीज असताना करा.

चेकलिस्टचंही सांगतो. आधीची यादी वस्तूंची होती, म्हणून ती सामान भरून झाल्यावर कोणी वाचतच नव्हतं. मग ती तीन वेळांवर विभागली आणि प्रत्येक ओळीपुढे एका माणसाचं नाव लिहिलं. आदल्या रात्री: बॅटऱ्या भरलेल्या, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलेलं, कपडे इस्त्री करून पिशवीत, पत्राच्या तीन प्रती. ट्यूबलाइटचा शॉट असेल तर कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०, नाहीतर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर चित्रात पट्टे सरकतात. मोबाइलवर शूट करत असाल तर विमान मोड चालू, म्हणजे फोन येऊन रेकॉर्डिंग थांबत नाही.

दुसरा भाग जागा सोडण्याआधीचा, आणि माझ्या मते हा सगळ्यांत महत्त्वाचा. वाइड आला का, हातांचे क्लोजअप आले का, शेवटची क्लिप प्रत्यक्ष चालवून पाहिली का, कपड्यांचे आणि वस्तूंचे फोटो काढले का. आणि सगळ्यांना गप्प बसवून त्या जागेचा तीस सेकंद नुसता आवाज रेकॉर्ड केला का. हा आवाज नसेल तर संपादनात दोन वाक्यांमध्ये भोक पडतं. पुन्हा त्या घरी जाऊन तो घेता येत नाही, कारण तेव्हा कोंबड्या, भांडी, वारा सगळं वेगळं असतं.

तिसरा भाग फक्त तीन शब्दांचा, प्रत्येक टेकआधी मोठ्याने म्हणायचा: फोकस, आवाज, कार्ड. कार्डाचा हिशोब आधीच करून ठेवला होता. १०० एमबीपीएसला मिनिटाला पाऊण जीबी जातो, म्हणजे सहा मिनिटांच्या फिल्मसाठी सहापट चित्रण धरलं तरी सत्तावीस जीबी. ६४ जीबीची दोन कार्डं भरपूर.

राहिला प्रश्न, उशीर झालाच तर काय. यादीतल्या प्रत्येक शॉटपुढे आधीच अ किंवा ब लिहिलं होतं. ब म्हणजे तो नसला तरी कथा समजते. नियम असा ठरवला: अकराला तीस मिनिटांपेक्षा जास्त मागे असलो, तर पुढचे ब शॉट चर्चा न करता सोडायचे. अकराला आम्ही वीस मिनिटं मागे होतो, ती मोकळ्या तासात जिरली. विहिरीवर पाण्यात पडणाऱ्या दगडाचा ब शॉट सव्वापाचला सोडला, आणि मावळतीच्या वेळी सहाला पोस्टमनची पाठमोरी चाल घेतली. त्या शॉटच्या तीन टेकना ऊन पुरलं.