पुराच्या निबंधातला दुष्काळ

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवावे, असे शाळेचे पत्र आले आणि कोणाविषयी लिहायचे हा प्रश्नच मला पडला नाही. इमारतीविषयी, मैदानाविषयी आणि स्नेहसंमेलनांविषयी इतर जण लिहितीलच. मला लिहायचे आहे ते मराठीच्या बाईंविषयी, आणि त्यातही नववीत त्यांनी निबंधातील वाक्प्रचार व म्हणी तपासायला कसे शिकवले, एवढ्याविषयीच. त्यांचे नाव लिहिण्याची गरज नाही. ‘मराठीच्या बाई’ म्हटले की आमच्या आगेमागे शिकलेल्या सर्वांना कळते.

जितके वाक्प्रचार जास्त तितके गुण जास्त, अशी तेव्हा वर्गात पक्की समजूत होती. गाइडातील यादी पाठ करायची आणि निबंधात मिळेल त्या जागी ती बसवायची, हीच सगळ्यांची रीत होती. ‘नदीला आलेला पूर’ या विषयावरील वह्या तपासून झाल्यावर बाईंनी कोणाचेही नाव न घेता निरनिराळ्या वह्यांतील वाक्ये एकत्र केली आणि फळ्यावर एक परिच्छेद लिहिला. तो असा होता:

‘पुराचे पाणी पाहून सर्वांच्या तोंडचे पाणी पळाले. सर्वांचे धाबे दणाणले. सर्वांच्या अंगावर काटा आला. माझ्या काकांनी कमरेएवढ्या पाण्यात कंबर कसून लोकांना बाहेर काढले. म्हणतात ना, वासरांत लंगडी गाय शहाणी. नंतर रात्री वीजही गेली, म्हणजे दुष्काळात तेरावा महिनाच! सकाळी पूर ओसरला आणि सर्वांचा जीव भांड्यात पडला.’

व्याकरणाच्या दृष्टीने यातील एकही वाक्य चुकलेले नव्हते. बाईंनी प्रत्येक वाक्प्रचाराखाली आणि म्हणीखाली रेघ ओढली आणि आम्हांला पहिले काम सांगितले ते असे: रेघ ओढलेला भाग हाताने झाकायचा, त्या जागी त्याचा साधा अर्थ ठेवायचा आणि वाक्य मोठ्याने वाचायचे. पहिली तीन वाक्ये तशी वाचली, तेव्हा वर्गात ‘सर्व घाबरले, सर्व घाबरले, सर्व घाबरले’ एवढेच ऐकू आले. तिन्हींतले एकच ठेवायचे हे उघड होते. प्रश्न कोणते ठेवायचे हा होता, आणि बाई तिथे बराच वेळ थांबल्या.

‘तोंडचे पाणी पळणे’ त्यांनी आधी खोडले. आपण वाक्प्रचार बोलतो तेव्हा त्यातील मूळ चित्र आपल्या मनात झोपलेले असते, पण शेजारी तोच शब्द खऱ्या अर्थाने आला की ते जागे होते, असे त्यांनी सांगितले. पुराचे पाणी येत असताना तोंडचे पाणी पळू लागले की वाचणाऱ्याला भीती वाटत नाही, हसू येते. कमरेएवढ्या पाण्यात कसलेल्या कंबरेचेही तेच झाले होते. उरलेल्या दोघांत ‘धाबे दणाणणे’ हे पुढे ओढवणाऱ्या संकटाच्या धास्तीसाठी शोभते, तर ‘अंगावर काटा येणे’ हे काही पाहताक्षणी किंवा ऐकताक्षणी अंगाला जे जाणवते त्यासाठी. म्हणून ‘रात्री पाण्याचा घोंघावता आवाज ऐकून अंगावर काटा आला’ असे वाक्य तयार झाले. आवाजाचा उल्लेख फळ्यावरच्या परिच्छेदात मुळी नव्हताच. योग्य वाक्प्रचार निवडताना तो सुचला. ही गोष्ट मला आजही फार मोलाची वाटते.

म्हणींची तपासणी वेगळी होती. म्हणीच्या पोटात एक लहानशी घटना असते आणि त्या घटनेतला प्रत्येक भाग निबंधात सापडला पाहिजे, असा बाईंचा आग्रह असे. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ म्हणायचे तर नुसते अपयश पुरत नाही; त्या माणसाने दुसऱ्या कशाला तरी दोष दिलेला असला पाहिजे. ‘दुष्काळात तेरावा महिना’ मध्ये आधीच एक हलाखी असते आणि अधिक महिन्यामुळे वर्ष लांबते तशी तीच हलाखी आणखी वाढते. वीज जाण्याने पुराच्या संकटात भर पडली होती, त्यामुळे ही म्हण अर्थाने अगदी चूक नव्हती. तरीही पुराच्या वर्णनात दुष्काळ आणणे बाईंना मान्य झाले नाही आणि त्यांनी ‘त्यातच वीजही गेली’ एवढेच ठेवले. अर्थ जुळला तरी चित्र जुळत नसेल तर म्हण सोडून द्यावी, हा त्यांचा निर्णय मला पूर्णपणे पटतो.

काकांवरील म्हण मात्र अर्थानेच उलटी होती. ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ हे कौतुक नव्हे. जिथे कोणालाच काही येत नाही तिथे थोडेसे येणारा मोठा ठरतो, असे ती सांगते. जीव धोक्यात घालणाऱ्या काकांना पुतण्याने लंगडी गाय म्हणावे हे बरे दिसत नाही. पण बाईंनी ती म्हण पुसून टाकली नाही. त्यांनी ती काकांच्या तोंडी दिली. लोक कौतुक करू लागले तेव्हा काका म्हणाले, ‘अहो, मी कसला पट्टीचा पोहणारा? वासरांत लंगडी गाय शहाणी, एवढेच.’ लेखकाच्या तोंडी जी म्हण अपमान करत होती, तीच काकांच्या तोंडी त्यांचा विनय झाली. म्हण योग्य आहे का, यापूर्वी ती कोण कोणाविषयी बोलत आहे हे पाहावे, हे मला त्या एका बदलातून जितके समजले तितके कोणत्याही व्याख्येने समजले नसते. ‘म्हणतात ना’ हे शब्द त्यानंतर आपोआपच गळले.

शेवटच्या वाक्यात आणखी एक अडचण होती. जीव भांड्यात पडण्यापूर्वी तो कशात तरी अडकलेला असावा लागतो, आणि परिच्छेदात कोणाचीच वाट पाहिली जात नव्हती. इथे बाईंनी काहीही न खोडता आधी एक वाक्य घातले: ‘पलीकडच्या आळीतल्या आजींचा रात्रभर पत्ता नव्हता.’ सकाळी त्या देवळाच्या ओट्यावर सुखरूप दिसल्या आणि मग सर्वांचा जीव भांड्यात पडला.

आज मी एका प्रकाशनगृहात संपादनाचे काम करते आणि हस्तलिखितातील वाक्प्रचार याच पद्धतीने झाकून वाचते. अलीकडे मुलांच्या हाती विषयवार ‘निबंधात वापरायच्या म्हणी’ तयार मिळतात आणि निबंध लिहिण्यापूर्वीच म्हण ठरलेली असते, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण बाईंच्या वर्गात म्हणीची पाळी निबंध लिहून झाल्यावर येत असे.

गेल्या वर्षी माझ्या भाचीने तीन स्वातंत्र्यसैनिकांवरील निबंधात ‘हे सर्व एकाच माळेचे मणी होते’ असे लिहिले होते. हा वाक्प्रचार बहुधा सारख्याच दुर्गुणांच्या माणसांसाठी वापरतात, हे तिला ठाऊक नव्हते. मी तिला तो झाकायला सांगितला आणि तिला जे म्हणायचे होते ते साध्या शब्दांत लिहायला लावले. तिने लिहिले, ‘तिघांचे मार्ग वेगळे होते, पण तिघांनाही एकच गोष्ट हवी होती.’ तिथे दुसरा वाक्प्रचार शोधण्याची गरज तिलाही वाटली नाही आणि मलाही नाही.