एका मार्काचा तुळाजी

“बाई, एका मार्काच्या प्रश्नासाठी एवढं ताणायचं कशाला? उत्तरसूचीत उत्तर होतं ना छापलेलं?”

होतं की. तेच तर दुखणं होतं. हे मला स्टाफरूममध्ये विचारून झालंय, लग्नात जेवणाच्या पंगतीत विचारून झालंय, एसटी स्टँडवर पण विचारून झालंय, आणि दरवेळी मी “जाऊ दे हो” म्हणून सोडून दिलंय. आता एकदाच नीट सांगते.

प्रश्न असा होता. ‘इ.स. १७५६ मध्ये तुळाजी आंग्रे यांचा पराभव ______ यांनी केला.’ पर्याय: पेशवे, इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी. उत्तरसूचीत ‘पेशवे’. सगळ्या शाळांची मिळून सराव परीक्षा, पेपर काढणारे सर माझ्यापेक्षा सीनियर, इतिहासावर त्यांचं प्रेम माझ्याहून जास्तच आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण लोकांना वाटतं की मी त्यांना खाली पाडायला निघाले होते.

आपण देवगड-विजयदुर्गकडची माणसं, आंगऱ्यांची सगळी कथा परत सांगत बसत नाही. फक्त त्या फेब्रुवारीत तुळाजीच्या विजयदुर्ग किल्ल्यावर काय झालं तेवढं बघा. जमिनीकडून पेशव्यांची फौज, समुद्रातून अ‍ॅडमिरल वॉटसनचं आरमार, आणि कंपनीच्या सैनिकांना घेऊन क्लाईव्ह. तुळाजी किल्ला नातलगाच्या हवाली करून वाटाघाटीसाठी मराठ्यांच्या छावणीत गेला आणि तिथेच अडकला, पुढे आयुष्यभर पेशव्यांच्या कैदेत राहिला. इकडे इंग्रजांच्या तोफांनी आंगऱ्यांच्या एका जहाजाला आग लागली, ती गलबतागलबतातून पसरत गेली आणि अख्खं आरमार जळालं, किल्ल्यावर निशाण चढलं ते इंग्रजांचं, आतली लूट त्यांनी आपसातच वाटून घेतली, आणि पेशव्यांच्या हाती किल्ला आला तो ऑक्टोबरमध्ये तह झाल्यावर. म्हणजे माणूस पेशव्यांच्या हाती, किल्ला आणि आरमार इंग्रजांच्या हातून गेलं. आता सांगा, ‘पराभव’ कोणी केला?

सर म्हणाले, मोहीम पेशव्यांची, त्यांनीच इंग्रजांना बोलावलं, म्हणून पराभव पेशव्यांनी केला. बरोबर आहे. मी म्हटलं, तोफा इंग्रजांच्या, किल्ला त्यांनी घेतला, म्हणून पराभव इंग्रजांनी केला. हेही बरोबर आहे. आणि दोन्ही बरोबर असलेल्या प्रश्नाला एक मार्क आणि एकच गोल.

पण हे मला प्रश्न वाचून कळलं असं नाही हं. पहिल्यांदा वाचताना मी पण सरळ पुढे गेले होते, कारण उत्तर डोक्यात ठेवून वाचलं की प्रश्नातली भेग दिसतच नाही. दिसलं ते पेपर तपासताना. मी गठ्ठा एकूण मार्कांप्रमाणे लावते, वरची पाव पोरं एकीकडे, खालची पाव पोरं एकीकडे, आणि प्रत्येक पर्यायाला किती जणांनी हात घातला ते कागदाच्या कडेला रेघा मारून मोजते. चांगल्या प्रश्नात वरची पोरं बहुतेक एकाच पर्यायावर जमतात आणि खालची चारही पर्यायांवर विखुरतात. इथे खालची विखुरली होतीच, पण वरची पोरं दोन ढिगात फाटली होती, जवळजवळ निम्मी निम्मी. हुशार मुलं अंदाजपंचे मारत असती तर पोर्तुगीज, सिद्दी पण आले असते. ते आलेच नाहीत. दोनच नावं, आणि दोन्ही नावं ज्ञानातून आलेली. मग शाळांप्रमाणे पाहिलं तर किनाऱ्यावरच्या शाळांत ‘इंग्रज’ जास्त, घाटाकडच्या शाळांत ‘पेशवे’ जास्त. म्हणजे मुलांनी चूक केली नव्हती, ज्याला जे शिकवलं ते त्यानं लिहिलं होतं.

आता ती मुलगी. हिच्याबद्दल मी कोणाला फारसं बोलले नाही.

विजयदुर्गच्या बाजूची, किल्ल्याच्या सावलीत वाढलेली, वर्गात कधी तोंड न उघडणारी. तिनं आधी ‘इंग्रज’ लिहिलं होतं, मग ते काटून ‘पेशवे’, मग तेही काटून परत ‘इंग्रज’, आणि बाजूला बारीक अक्षरात, ‘किल्ला इंग्रजांनी, तुळाजी पेशव्यांनी’. पेपरवर सूचना छापलेली होती की खाडाखोड केल्यास गुण नाहीत. तपासणाऱ्यानं नियमाप्रमाणे शून्य दिलं, त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पेपर परत दिल्यावर ती माझ्याकडे आली, पेपर छातीशी धरून उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, किल्लो इंग्रजांनी घेतल्यानी, तुळाजी पेशव्यांका गावलो. मगे हरवल्यानी कोणी?” मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला उत्तर आलं नाही. म्हणजे उत्तरसूचीतलं उत्तर येत होतं, पण तिच्या वाक्यासमोर ते ठेवता येईना. सगळ्या परीक्षेत त्या प्रश्नाचं सगळ्यात पूर्ण उत्तर तिनं समासात लिहिलं होतं आणि तिला शून्य होतं, आणि ज्या पोरानं नाणं उडवून पेशवे लिहिलं त्याला एक होता. ती रडली बिडली नाही. “बरा” म्हणाली आणि गेली. मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

मग मी मीटिंगमध्ये विषय काढला आणि तिथे जे झालं ते तुम्हाला तिखटमीठ लावून कळलंच आहे. खरं सांगायचं तर भांडण झालं नाही, दुरुस्ती सुचवण्याची चढाओढ झाली, आणि तिथेच मला कळलं की प्रश्न दुरुस्त करणं किती बेरकी काम आहे.

सरांची पहिली सूचना, ‘प्रामुख्याने’ शब्द घाला. ‘पराभव प्रामुख्याने ______ यांनी केला’. हे सगळ्यांना आवडतं, कारण एका शब्दात काम होतं. पण यानं प्रश्न आणखी वाईट होतो. आधी निदान घटना विचारत होतो, आता मत विचारतो, की तोफा मोठ्या की मोहिमेची आखणी मोठी. मत विचारायचं तर तीन मार्कांचा ‘तुमचे मत सकारण लिहा’ करा आणि जागा द्या. गोल करायला लावून मत विचारू नका.

दुसरी सूचना, इंग्रज काढा आणि डच घाला. हे मला बराच वेळ पटलं होतं, अजूनही पूर्ण खोडता येत नाही. डच १७२४ मध्ये विजयदुर्गावर आले होते आणि हात हलवत परत गेले, म्हणजे पर्याय म्हणून चांगला, चुकीचा आहे पण हवेतला नाही. आणि मग बरोबर एकच उरतो, पेशवे. पण ज्या मुलीला सगळं माहीत आहे ती काय करेल? ती इंग्रज शोधेल, सापडणार नाहीत, आणि तिला वाटेल प्रश्नच चुकला. जिला जास्त माहीत तिनं जास्त गोंधळायचं, हे मला नको होतं. सर म्हणाले, “बाई, तुम्ही एका मुलीसाठी पेपर काढताय का?” यावर मी गप्प बसले. बरोबर होतं त्यांचं थोडं. तरी मी ऐकलं नाही.

मी स्वतः काय करते ते सांगते, कोणाला उपयोगी पडलं तर पडू दे. पर्याय झाकून फक्त प्रश्न वाचायचा आणि क्रियापदाखाली रेघ मारायची. इथे ‘पराभव केला’. मग विचारायचं, हे एक काम आहे की तीन कामांचं गाठोडं? पकडणं, किल्ला घेणं, आरमार जाळणं, तिन्ही त्यात कोंबलेली. सिंधुदुर्ग ‘कधी बांधला’ यात पण तेच, पायाभरणी १६६४ ची आणि काम पुरं झालं १६६७ मध्ये, ‘बांधला’ म्हणजे यातलं कुठलं? मग पर्याय उघडायचे आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायाची वकिली करायची. पोर्तुगीजांच्या बाजूनं एक खरं वाक्य लिहून बघा, जमत नाही. सिद्दीच्या बाजूनं, जमत नाही. इंग्रजांच्या बाजूनं लिहायला बसलात तर पान भरतं. पान भरलं की तो पर्याय चुकीचा राहिलाच नाही.

शेवटी जे ठरलं ते असं. ‘१७५५-५६ च्या मोहिमेत तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध पेशव्यांनी ______ यांची मदत घेतली.’ पर्याय: इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी, डच. भांडणारे दोघे होते, एकाला प्रश्नात बसवलं आणि दुसऱ्याला पर्यायात. साल दोन वर्षांचं केलं, कारण सुवर्णदुर्ग १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सनं घेऊन पेशव्यांना दिला, तीही याच मोहिमेतली गोष्ट, नुसतं १७५६ लिहिलं की ती बाहेर राहते. आता उत्तर एकच, इंग्रज.

झालं का समाधान? अर्धं. कारण ‘मदत घेतली’ म्हटलं की मोहीम पेशव्यांची हे आपण प्रश्नातच मान्य करून टाकलं. मुंबईकर इंग्रजांना आंगऱ्यांचा काटा काढायचाच होता, बाणकोटही पदरात पाडून घेतला त्यांनी, तेव्हा मदत कोणी कोणाची घेतली म्हणायची? म्हणजे सरांचाच मुद्दा मी मागच्या दारानं आत घेतला. हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते हसले. मी पण.

आणि झालेल्या परीक्षेचं काय? दोन्ही उत्तरांना मार्क दिले. पूर्वी मी म्हणायचे की असं झालं की दोन्हीला मार्क द्यावेत, विषय संपला. आता तेवढं सोपं वाटत नाही, कारण ज्यानं डोळे मिटून इंग्रज लिहिलं त्यालाही मार्क गेला, आणि प्रश्नानं काहीच मोजलं नाही. पण प्रश्न रद्द केला असता तर ज्यांना येत होतं त्यांचाही गेला असता. त्या मुलीचं मात्र अडलं, कारण तिचं शून्य खाडाखोडीचं होतं, प्रश्नाचं नव्हतं. ‘दोनदा काटलंय, नियम म्हणजे नियम.’ ताणलं मी ते तिथे. प्रश्नच दुटप्पी होता तर खाडाखोड कोणामुळे झाली? तिचा एक मार्क वाढला, आणि मग इतर कोणाकोणाची खाडाखोड बघायची यावर जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही.

तीन मार्कांचा प्रश्नही आता आम्ही ठेवलाय, ‘तुळाजी आंग्रे यांचा पराभव कोणी केला असे तुम्हाला वाटते? कारणे द्या.’ मागे एका पोरानं लिहिलं की दोघांनीही नाही, कान्होजींनंतर आंगऱ्यांच्या घरात भावाभावांत फूट पडली, कुलाबा एकीकडे आणि विजयदुर्ग एकीकडे, तिथेच पराभव झाला होता. मी तीन दिले. सर म्हणाले दोनच द्यायला हवे होते, कारण विचारलं होतं कोणी.