चार सेकंदांची कुजबुज

आज एका व्याख्यानाचं रेकॉर्डिंग एडिट केलं. सूत्रसंचालक आभार मानत असताना वक्त्या बाई शेजारच्यांना स्वतःच्या आजारपणाबद्दल हळूच काही बोलल्या. कॉलरचा माइक चालूच होता. ते चार सेकंद कुणाच्याही कानावर जायला नकोत, एवढंच डोक्यात होतं.

कॉलर माइकचा ट्रॅक वेगळा होता, म्हणून तेवढाच तुकडा म्यूट केला. पण हेडफोन लावून ऐकलं तर तिथे सभागृहाची घरघर एकदम गायब! कान अशा खड्ड्यावर लगेच अडखळतो. मग त्याच ट्रॅकवरचा, कुणीच बोलत नसतानाचा तुकडा शोधून तिथे बसवला आणि दोन्ही टोकांना एक आवाज विरत दुसरा चढत जाईल असा छोटा क्रॉसफेड दिला. सूत्रसंचालकांचा आवाज त्यांच्या माइकवर अखंड होता, त्यामुळे लय मोडली नाही. त्या माइकमध्ये कुजबुज झिरपली असती, तर त्यांचं वाक्यच कापावं लागलं असतं. तेही आवाज मोठा करून तपासलं.

चित्रात बाईंचे ओठ हलताना दिसत होते, तिथे प्रेक्षकांचा शॉट टाकला. सबटायटल्स मात्र जुन्या ऑडिओवरून आधीच तयार झाली होती आणि ते वाक्य त्यांत जसंच्या तसं होतं. शेवटच्या क्षणी दिसलं, काढलं.