लेकीची फी यूकेला पाठवली, पण सही करायच्या आधी ड्राफ्टवर काय काय सापडलं

मुक्ताचं यूकेला मास्टर्सचं ॲडमिशन झालं आणि मार्च २०२५ मध्ये आम्ही २,००० पौंड डिपॉझिट भरलं, तेव्हा मी बँकेत फक्त जिथे पेन्सिलने फुली मारून दिली होती तिथे सह्या केल्या आणि घरी आले. आठ दिवसांनी मुक्ताने पोर्टल उघडून दाखवलं, १,९८२ पौंड जमा. १८ पौंड गेले कुठे? बँक म्हणाली आम्ही पूर्ण २,०००च पाठवलेत, युनिव्हर्सिटी म्हणाली आमच्याकडे १,९८२च आलेत, आणि दोघंही खरंच बोलत होते. मधल्या बँकेने तिचे पैसे वाटेतच कापून घेतले होते. ते १८ पौंड परत भरायला परत फॉर्म, परत चार्जेस, परत एक सुट्टी. डिपॉझिट पूर्ण दिसेना म्हणून कॅस लेटरचं, म्हणजे व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते त्या प्रवेशाच्या पत्राचं कामही तोपर्यंत अडकून राहिलं, आणि व्हिसाला भरलेली फी कॅसवर किंवा युनिव्हर्सिटीच्या पावतीवर दिसावी लागते, म्हणून जीव टांगणीला लागला होता.

म्हणून जुलैमध्ये उरलेले १२,००० पौंड भरायचे आले तेव्हा मी बँकेत सांगून टाकलं, सिस्टिममध्ये एन्ट्री झाली की पैसे पाठवायच्या फॉर्मचा जो कच्चा ड्राफ्ट तयार होतो त्याची मला प्रिंट द्या, मी शांतपणे वाचेन, मगच सही. आम्ही राहतो कळव्याला खारेगावात, जवळच्या ब्रांचला फॉरेक्सचं काम होत नाही, त्यामुळे नौपाड्यातल्या मोठ्या ब्रांचला जावं लागलं. पाऊस धो धो, कागद प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून नेले. पॅन, माझ्या एफडी मोडल्याचं स्टेटमेंट, मुक्ताचा पासपोर्ट, ऑफर लेटर, फीचं इनव्हॉइस आणि परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म. पैसे माझ्या खात्यातून जाणार म्हणजे पाठवणारी मी, त्यामुळे पॅन माझा आणि वर्षाला अडीच लाख डॉलरची जी एलआरएसची, म्हणजे परदेशी पैसे पाठवायची मर्यादा आहे तीही माझीच वापरली जाते, मुलीची नाही.

प्रिंट हातात आली आणि मी समोरच्या बाकावर बसून एका मांडीवर इनव्हॉइस, एका मांडीवर ड्राफ्ट असं ओळीने बघायला लागले.

पहिलं, खातं. बेनिफिशियरीचं नाव बरोबर होतं, पण आयबॅनचे, म्हणजे परदेशातल्या खात्याच्या लांबलचक नंबरचे, शेवटचे आकडे इनव्हॉइसशी जुळेनात. विचारलं तर कळलं की बँकेने तो नंबर आमच्या एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पीडीएफमधून घेतला होता, ती मीच आदल्या दिवशी पुढे पाठवली होती आणि त्या पीडीएफवर मागचं वर्ष छापलेलं होतं. काउंटरवरचे सर म्हणाले, "मॅडम, सिस्टिमने आयबॅन व्हॅलिड दाखवलाय, चुकीचा असता तर घेतलाच नसता." हे अर्धंच खरं आहे. आयबॅनमध्ये GB च्या पुढचे दोन आकडे तपासणीचे असतात, त्यामुळे टाइप करताना एखादा आकडा चुकला किंवा उलटापालटा झाला तर सिस्टिम लगेच पकडते. पण जो नंबर मुळात नीट आहे, फक्त दुसऱ्याच खात्याचा आहे, तो सिस्टिमला बरोबरच दिसणार. खातं कुणाचं आहे हे तिथे कुणी तपासत नाही, आणि परदेशात पैसे बहुतेक वेळा नंबर बघून जमा होतात, नावाचा शब्द न् शब्द जुळवून नाही.

यूकेच्या आयबॅनचं एक बरं असतं, तो एकूण २२ अक्षरांचा आणि त्याचे शेवटचे १४ आकडे म्हणजे ६ आकडी सॉर्ट कोड आणि त्याला लागून ८ आकडी खाते नंबर. इनव्हॉइसवर हे दोन्ही वेगळे पण छापलेले असतात, त्यामुळे आयबॅन मागून तोडून बघितला की आपल्याच डोळ्यांनी ताळा होतो. मी मुक्ताला फोन लावला, तिने स्वतःच्या लॉगिनने पोर्टल उघडलं आणि मला एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवला. पोर्टल आणि इनव्हॉइस जुळलं, एजंटची पीडीएफ नाही. युनिव्हर्सिटीने बँक बदलली असेल किंवा दुसरं काही, मला त्यात शिरायचं नव्हतं. ड्राफ्टवर पोर्टलवरचा नंबर घ्यायला लावला. पीडीएफमधला नंबर तसाच राहिला असता तर १४ लाख कुठल्या खात्यात जाऊन बसले असते हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

त्याच्याच खाली मुक्ताचा स्टुडंट आयडी. तो होता, पण "रिमार्क्स"च्या चौकटीत. मी विचारलं हे पलीकडे दिसतं का, तर सरांनी आतल्या फॉरेक्स डेस्कच्या मॅडमना विचारलं आणि त्या म्हणाल्या, नाही, रिमार्क्स बँकेच्या आतल्या वापरासाठी, पलीकडे जातं ते "रेमिटन्स इन्फॉर्मेशन". तिथे ३५ अक्षरांच्या चारच ओळी होत्या. आधी आयडी, मग मुलीचं नाव पासपोर्टवर आहे तसं, मग इनव्हॉइस नंबर, असं लिहून घेतलं. पाठवणारी मी, आडनाव लग्नानंतरचं, युनिव्हर्सिटीला त्यावरून मुक्ता कशी कळणार?

करन्सी GBP बरोबर होती, पण रकमेत गोची होती. पौंडाच्या रकमेची चौकट रिकामी आणि रुपयांच्या चौकटीत १४,१६,०००. आदल्या दिवशी फोनवर ११८ चा रेट सांगितला होता, त्या हिशोबाने भरलेलं. आज रेट ११८.४०. म्हणजे १४,१६,००० रुपये फिक्स धरले तर पलीकडे ११,९५९ पौंडच जाणार, जवळजवळ ४० पौंड कमी, आणि आपल्याला वाटणार पूर्ण भरलं. इनव्हॉइस पौंडात असेल तर इन्स्ट्रक्शन पण पौंडातच फिक्स पाहिजे, रुपये वर-खाली होऊ देत. आणि हो, तो ११८.४० कार्ड रेट होता, म्हणजे बँकेचा त्या दिवशीचा सगळ्यांसाठीचा ठरलेला रेट, रक्कम मोठी असेल तर बँकेच्या ट्रेझरीला विचारून रेट कमी करून घेता येतो, मी विचारलं आणि तो ११८ वर आला. ४० पैसे ऐकायला किरकोळ वाटतात पण १२,००० पौंडांवर ४,८०० रुपये होतात.

चार्जेसच्या ओळीत परत SHA. मार्चमधले १८ पौंड ह्याच तीन अक्षरांनी गेले होते. SHA म्हणजे इथल्या बँकेचे चार्जेस आपले आणि बाहेरचे घेणाऱ्याचे, म्हणजे ते पाठवलेल्या रकमेतूनच कापले जातात. BEN म्हणजे सगळेच घेणाऱ्याच्या माथी. फीसाठी पाहिजे OUR, सगळे चार्जेस आपण इथेच भरायचे. बँकेत कुणी मुद्दाम SHA टाकत नाही, ते आधीच भरलेलं येतं आणि आपण बोललो नाही तर तसंच पुढे जातं. OUR साठी आमच्याकडून वेगळे दीड हजार घेतले. OUR असूनही कधी कधी मधली बँक कापते, हे फॉरेक्सच्या मॅडमनी आधीच स्पष्ट सांगितलं, पण तसं झालं तर स्विफ्ट कॉपी, म्हणजे बँकेने बाहेर पाठवलेल्या संदेशाची प्रत, दाखवून आपल्या बँकेकडे भांडता येतं, SHA असेल तर बोलायला तोंडच नाही.

आता पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी जातायत त्याचा कोड, इथे सगळ्यात जास्त पैसे अडकले असते. ड्राफ्टवर होता S1301, म्हणजे कुटुंबाच्या निर्वाहासाठी. का, तर नात्याच्या चौकटीत "मुलगी" लिहिलेलं, आई मुलीसाठी पाठवतेय म्हणून तोच निवडलेला. मी म्हटलं सर, पैसे मुलीला जातच नाहीयेत, युनिव्हर्सिटीला जातायत, ही फी आहे. ते म्हणाले मग S1107 करू, एज्युकेशनल सर्व्हिसेस, त्यात फी लिहिलंय. नाव वाचून बरोबरच वाटतं, पण तो इथे घरी बसून परदेशातला कॉरस्पॉन्डन्स कोर्स करतात त्यांच्यासारख्यांसाठी. मुक्ता प्रत्यक्ष तिकडे जाऊन शिकणार, तिची फी आणि हॉस्टेल दोन्ही S0305 मध्ये येतात. मॅडमनी आतून मान हलवली आणि बदललं.

ह्याने फरक काय पडतो ते तिथेच कॅल्क्युलेटरवर काढलं. टीसीएस म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आपल्याकडून आगाऊ घेते तो आयकर. एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत टीसीएस नाही, हे १० लाख सगळ्या बँका मिळून एका पॅनवरचे. आमचं डिपॉझिट मार्चमध्ये गेलं, म्हणजे आधीच्या वर्षात, ते ह्यात धरलं नाही. १४,१६,००० मधून १० लाख गेले, उरले ४,१६,०००. शिक्षणासाठी त्यावर तेव्हा, २०२५-२६ मध्ये, ५ टक्के होता, म्हणजे २०,८००. निर्वाहाच्या कोडवर तेव्हा २० टक्के, म्हणजे ८३,२००. एका कोडने ६२,४०० रुपये अडकले असते. ते बुडत नाहीत, रिटर्नमध्ये मिळतात, पण ऐन मुलीच्या तिकिटाच्या दिवसांत ६२ हजार कुठून आणायचे? ठरावीक बँकांकडून एज्युकेशन लोन घेऊन त्यातून फी भरली तर २०२५-२६ पासून टीसीएस लागतच नाही, आम्ही एफडी मोडली म्हणून लागला. माझे २०,८०० मी ऑफिसमध्ये फॉर्म १२बीएए भरून पगारातल्या टीडीएसमध्ये वळते करून घेतले, रिटर्नची वाट बघावी लागली नाही.

शिवाय रुपयाचे पौंड करून देण्याच्या सेवेवर जीएसटी लागतो, तो पूर्ण रकमेवर नाही, आमच्या केसमध्ये १,०६५ रुपये झाला.

सगळं दुरुस्त करून दुसरी प्रिंट आली तोवर त्या दिवशी पैसे पाठवायचा कट-ऑफ टळला होता. सर म्हणाले उद्या जाईल, रेट थोडा बदलू शकतो. मी म्हटलं चालेल. दुसऱ्या दिवशी, २४ जुलैला, नशिबाने ११८ च मिळाला. संध्याकाळी स्विफ्ट कॉपी ईमेलवर मागून घेतली आणि तारीख-रक्कम, आयडी आणि चार्जेसच्या ह्या ओळी परत शोधून बघितल्या:

```
:32A:250724GBP12000,00
:70:STUDENT ID ...
:71A:OUR
```

बघायचं फॉर्मवर नाही, ह्या कॉपीवर, कारण प्रत्यक्षात बाहेर गेलं ते हे. आयबॅन :59: च्या ओळीत होता, तोही मुक्ताला परत एकदा वाचायला लावला. ती वैतागली, "आई, किती वेळा?" पण वाचला.

सोमवारी दुपारी डब्याच्या वेळेला तिचा स्क्रीनशॉट आला. १२,००० जमा, बाकी ०.००.