आधी बंद स्क्रीनकडे बघा

“आमच्या हॉलमध्ये दिवसभर लख्ख उजेड असतो. लॅपटॉप मॅट स्क्रीनचा घेऊ की ग्लॉसी? आणि निट्स किती असले म्हणजे पुरतील?”

मॅट घ्या, आणि ४०० निट्सच्या आसपासचा घ्या. पण पैसे मोजण्याआधी एक गोष्ट करा. तुमचा सध्याचा लॅपटॉप नेहमीच्या जागी ठेवा, बंद करा आणि नेहमीसारखे त्याच्यासमोर बसा. काळ्या काचेत जे दिसेल, तेच तुम्हाला दिवसभर अक्षरांच्या मागे दिसत असतं.

माझ्या बहिणीच्या पुण्यातल्या घरी आम्ही हेच केलं. तिच्याकडे ग्लॉसी टचस्क्रीनचा, २५० निट्सचा लॅपटॉप आहे. तिच्या पाठीमागे बाल्कनीचं मोठं दार आहे. बंद स्क्रीनमध्ये अख्खी बाल्कनी दिसत होती, वाळत घातलेल्या कपड्यांसकट. “डोळे दुखतात, आता ५०० निट्सचा घेते,” असं ती म्हणत होती. मी तिला थोडं थांबायला सांगितलं.

पडद्याच्या दर चौरस मीटरमागे किती कँडेला प्रकाश बाहेर पडतो, ते निट्समध्ये मोजतात. साधी काच समोरून आलेल्या उजेडापैकी सुमारे ४ टक्के परत पाठवते. दिवसाच्या उजळ आभाळाचे ४००० निट्स धरले, तर त्यातले १६० तिच्या पडद्यावर पसरत होते. म्हणजे पांढरी जागा ४१० निट्सची झाली, पण काळं अक्षरही १६० चं झालं. पांढरं काळ्यापेक्षा जेमतेम अडीचपट उजळ राहिलं. ५०० निट्सचा पडदा आणला असता, तरी हे प्रमाण चौपटीच्या आसपासच गेलं असतं. पैसे बरेच जास्त, बॅटरीही लवकर उतरणार, आणि बाल्कनी काचेत होती तिथेच.

मग आम्ही टेबल काटकोनात फिरवलं, खिडकी बाजूला आली. आता काचेत तिच्या पाठीमागची फिकट भिंत दिसत होती. भिंतीचे निट्स शंभरेक धरले, तर त्यांच्या ४ टक्क्यांनी पडद्यावर फक्त ४ निट्स येतात. त्याच २५० निट्सच्या पडद्यावर अक्षरं लगेच कुळकुळीत काळी दिसायला लागली.

ग्लॉसीचं हेच वैशिष्ट्य आहे. तिचं प्रतिबिंब एकाच दिशेला जातं, म्हणून जागा बदलून ते चुकवता येतं. मॅट पडद्याचा पृष्ठभाग बारीक खरखरीत असतो. तो खिडकीचा आकार मोडतो, पण तिचा उजेड नाहीसा करत नाही, आजूबाजूला पसरवतो. त्यामुळे काळा रंग थोडा राखाडी होतो, आणि जाड थर असेल तर पांढऱ्या पानावर बारीक रवाळपणा दिसतो. तरीही दोन बाजूंना खिडक्या आणि डोक्यावर ट्यूबलाइट असेल, टेबल हलवायला जागाच नसेल, तर मॅटच बरी. डोळ्यांना पुसट धुकं सहन होतं. ठसठशीत खिडकी मात्र सारखी लक्ष ओढून घेते.

तिसरा प्रकार म्हणजे प्रतिबिंब कमी करणारा लेप दिलेली ग्लॉसी काच, चष्म्याच्या काचेला असतो तसा. लेपामुळे ४ चे दीड टक्का झाले, तर बहिणीच्या जुन्या जागीही २५० निट्सच्या पडद्यावर पांढरं काळ्याच्या पाचपट राहिलं असतं, म्हणजे ५०० निट्सच्या साध्या काचेपेक्षाही जास्त. दुकानात हे ओळखणं सोपं आहे. बंद पडद्यात ट्यूबलाइट बघा. पांढरी आणि धारदार दिसली तर साधी ग्लॉसी, मंद आणि जांभळट किंवा हिरवट दिसली तर लेप आहे, कडाच नसलेला पट्टा दिसला तर मॅट. लेपावर बोटांचे ठसे मात्र जास्त उठून दिसतात.

आता निट्स. पडद्याशेजारी, त्याच दिशेला तोंड करून कोरा कागद धरा. कागद पडद्यावरच्या पांढऱ्यापेक्षा उजळ दिसला, तर पडदा त्या खोलीला कमी पडतो. आकडा हवा असेल तर फोनवरच्या लक्स मोजणाऱ्या अ‍ॅपचा अंदाज घ्या आणि त्याला चाराने भागा. कागदाचे साधारण तेवढे निट्स असतात. ६०० लक्स आले तर १५०, म्हणजे २५० चा पडदाही भागवेल. १५०० आले तर ३७५, म्हणून तुमच्यासारख्या हॉलला मी ४०० म्हणते. बाहेर सावलीतसुद्धा १०,००० लक्स सहज असतात. तिथे कागदाचे २५०० निट्स होतात, आणि नेहमीचा कुठलाही लॅपटॉप तिथे पुरा पडत नाही.

खोक्यावर ‘पीक’ म्हणून छापलेला आकडा या हिशेबात धरू नका. तो बहुतेक वेळा एचडीआर व्हिडिओतल्या छोट्या, चमकत्या भागापुरता असतो. पूर्ण पांढऱ्या पानावर सतत किती मिळतात, ते विचारा.

बहिणीने नवा लॅपटॉप घेतला नाही. दुपारी तीननंतर ऊन तिरपं येऊन पाठीमागच्या त्या भिंतीवर पडतं, तेव्हा काचेत पुन्हा पांढरा चौकोन उमटतो. त्यासाठी तिने बाल्कनीच्या दाराला जाड पडदा लावला आहे.